घर नऊ मीटरचं, चित्रही नऊ मीटरचं

घर बांधायला काढलं की हल्ली नकाशाच्या आधीच ‘थ्रीडी’ मागितलं जातं. तालुक्याच्या गावातसुद्धा. रंगीत, उन्हात न्हालेलं, दारात गाडी उभी असलेलं घराचं चित्र. पूर्वी ते करायला कुणीतरी संगणकावर अख्खं घर उभं करायचं, भिंतींना रंग द्यायचं, दिवे लावायचं आणि चार-पाच दिवसांनी चित्र द्यायचं. आता वाक्य लिहिलं की चित्र तयार करणारी साधनं आली आहेत आणि ते काम मिनिटांवर आलंय. पण या चित्रांत एक खोट वारंवार दिसते. घर सुंदर असतं, फक्त ते आपलं नसतं. तीस फुटांचा दर्शनी भाग चाळीस फुटांचा वाटतो, मजले उंचावतात, खिडक्या छतापासून जमिनीपर्यंत पोचतात. चित्र बघून मालक खूश होतो आणि स्लॅब पडल्यावर विचारतो, ‘एवढंच का हो दिसतंय?’

यात साधनाची लबाडी नाही. ‘दुमजली घर, नऊ मीटर रुंद’ असं लिहिलं तरी त्याला मीटर म्हणजे काय हे कळत नाही. लाखो छायाचित्रांतून त्याला घर साधारण कसं दिसतं हे शिकवलेलं असतं, आणि छायाचित्रं काढली जातात ती बहुधा देखण्या, ऐसपैस घरांची. त्यामुळे शब्दांवर सोडलं की ते त्या सरासरीकडे ओढ घेतं. घराचं खरं माप त्याला सांगायचं तर शब्द सोडून रेषांची भाषा वापरावी लागते. ती भाषा वास्तुविशारदाच्या कार्यालयात आधीपासूनच असते. तिचं नाव एलिव्हेशन.

एलिव्हेशन म्हणजे इमारतीच्या एका बाजूचं सरळ समोरून काढलेलं रेषाचित्र. त्यात दूरचं लहान, जवळचं मोठं असा प्रकार नसतो. कागदावर दार २१ मिलिमीटर असेल आणि प्रमाण १:१०० असेल, तर जागेवर दार २.१ मीटर, मग ते दार पुढच्या भिंतीत असो की मागच्या. डोळ्याला घर असं कधीच दिसत नाही. पण म्हणूनच त्यावर पट्टी ठेवून मोजता येतं.

या लेखासाठी एक साधं घर घेऊ. दर्शनी रुंदी ९ मीटर. जोतं ०.६ मीटर, त्यावर ३ मीटरचे दोन मजले, वर १ मीटरचा कठडा. म्हणजे जमिनीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत ७.६ मीटर. तळमजल्यावर मधोमध १.०५ × २.१ मीटरचं दार आणि त्याच्या उजव्या हाताला १.५ × १.२ मीटरची खिडकी. डावीकडची अडीच मीटर भिंत कोरी. वरच्या मजल्यावर उजवीकडे १.२ मीटर पुढे आलेली गॅलरी. गच्चीवर मागच्या अंगाला जिन्याची खोली, तिचा माथा जमिनीपासून ९ मीटरवर. दारापुढे १५ सेंटिमीटर उंचीच्या चार पायऱ्या. मुद्दाम काही खास नसलेलं घर निवडलंय. ताजमहालाचं चित्र मागितलं तर साधनाला तो आठवतोच. अशा घराच्या बाबतीत मात्र आठवणीचा आधार मिळत नाही, सगळी भिस्त रेषांवर.

रेषांनी चित्राला बांधून ठेवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे कंट्रोलनेट. २०२३ च्या फेब्रुवारीत लव्हमिन झँग, अन्यी राव आणि मनीष अग्रवाला या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिघांनी ती मांडली. त्याआधीच्या वर्षी स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं मॉडेल सर्वांना खुलं झालं होतं. असं मॉडेल निव्वळ मुंग्या आल्यासारख्या गोंधळापासून सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्यानं तो गोंधळ निवळत चित्र उभं करतं. झँग आणि मंडळींनी या तयार मॉडेलला हात लावला नाही, ते जसंच्या तसं गोठवलं. त्याच्या चित्र समजून घेणाऱ्या अर्ध्या भागाची एक प्रत काढली आणि फक्त त्या प्रतीला शिकवलं. शिकवताना जोड्या दिल्या: एक छायाचित्र आणि त्याच छायाचित्रातून यंत्रानं काढलेल्या कडांची रेषाकृती. ‘कडा अशा असतील, तर चित्र असं होतं’ हे प्रत शिकली. ती मूळ मॉडेलला अशा सांध्यांनी जोडली होती की सुरुवातीला त्यांतून शून्य जाई, म्हणजे प्रत काही शिकेपर्यंत मूळ कामात ढवळाढवळ होत नसे. नंतर गोंधळ निवळण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ही प्रत कानात सांगत राहते: इथे कड आहे, इथे नाही.

या शिकवणीतली एक बाब एलिव्हेशन वापरणाऱ्यानं कधी विसरू नये. प्रतीनं ज्या रेषा पाहिल्या त्या छायाचित्रांतून निघालेल्या कडा होत्या. ड्राफ्ट्समननं काढलेला नकाशा तिनं पाहिला तरी नगण्य. तिच्या लेखी रेषा म्हणजे वस्तूची कड. मोजमापाची रेषा, लेव्हलचा त्रिकोण, छेद कुठून घेतला ते दाखवणारी तुटक रेघ, विटांसाठी केलेलं हॅचिंग, या खुणा माणसांनी आपापसात ठरवलेल्या आहेत, आणि प्रत त्या करारात सामील नाही. घराच्या वर ‘९०००’ लिहिलेली आडवी मोजमाप-रेषा तशीच ठेवली तर चित्रात घरावरून विजेची तार जाते. लेव्हलचे त्रिकोण पक्षी, दिवे किंवा पाट्या होतात. काच दाखवायला खिडकीत काढलेल्या दोन-तीन तिरक्या रेघांचे गज होतात, नाहीतर काचेला तडे जातात. सजावटीसाठी बाजूला काढलेलं झाड मात्र खरंच झाड होतं, आणि अर्ध्या भिंतीवर पसरतं.

म्हणून पहिलं काम पुसण्याचं. कॅडमधलं चित्र असेल तर सोपं आहे: मापं, अक्षरं, हॅचिंग, अक्षरेषा, झाडं, माणसं हे सगळे लेयर बंद करायचे आणि उरलेल्या रेषा सारख्या जाडीच्या करायच्या. आपल्याकडे जवळची कड जाड आणि लांबची बारीक काढायचा शिरस्ता आहे. तो माणसाला उपयोगी, इथे त्याचा भरवसा धरू नये. कागदावरचं जुनं चित्र स्कॅन केलं असेल तर मला तरी वरून पुन्हा रेघा मारणं पुसत बसण्यापेक्षा बरं वाटतं. १:१०० च्या चित्रात आपलं घर ९ सेंटिमीटर रुंद असतं. ३०० डीपीआयला स्कॅन केल्यावर ते साधारण १०६० पिक्सेल होतं आणि ०.१८ मिलिमीटरची बारीक रेषा जेमतेम दोन पिक्सेल. चित्र लहान केलं की ती रेषा करडी होऊन विरते, आणि विरलेली रेषा म्हणजे नसलेली रेषा.

शेवटी चित्र उलटं करायचं: काळ्यावर पांढऱ्या रेषा. प्रतीनं शिकताना कडा तशाच पाहिल्या आहेत. हे काम करणारा पर्याय साधनात असतो, बहुतेक ठिकाणी त्याच्या नावात `invert` हा शब्द दिसतो. इथे नवशिके हटकून फसतात. यादीत `canny` हे नाव आधी दिसतं, प्रसिद्ध आहे, म्हणून तेच निवडलं जातं. जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली ही कडा शोधण्याची रीत छायाचित्रासाठी उत्तम आहे. पण तिला रेषाचित्र दिलं की ती शाईच्या रेघेला वस्तू समजते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक कड काढते. खिडकीच्या एका चौकटीच्या दोन चौकटी होतात, भिंतीच्या कडेला उगाच पट्टी येते. पुढे चित्रात प्रत्येक खिडकीभोवती जाडजूड लाकडी बॉर्डर दिसली तर कारण बहुधा हेच. आपल्याकडे रेषा आधीच आहेत, त्या शोधायला कुणी नको. `mlsd` नावाचा आणखी एक पर्याय फक्त सरळ रेषा उचलतो. खोलीच्या छायाचित्राला तो बरा, पण घराला एखादी कमान असेल तर ती तो गाळून टाकतो.

आता मापाचा मुद्दा, आणि इथे घाई करण्यात अर्थ नाही. पडद्यावर मीटर नसतो, पिक्सेल असतो. तेव्हा किती पिक्सेलला एक मीटर हे आपणच ठरवायचं. मी ८० घेईन. घर ७२० पिक्सेल रुंद आणि कठड्यापर्यंत ६०८ पिक्सेल उंच होतं. जिन्याच्या खोलीचे वर ११२. खाली १ मीटर जमीन, वर थोडं आभाळ, दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून चित्राचा आकार ११५२ × ८९६. स्टेबल डिफ्यूजनच्या एसडीएक्सएल या मोठ्या आवृत्तीला हा आकार सवयीचा आहे, तिच्या शिकवणीतच तो होता. दार ८४ × १६८, खिडकी १२० × ९६. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत, तपासताना तेच लागतात.

८० हा आकडा निवडायला कारण आहे. ही मॉडेलं चित्रावर थेट काम करत नाहीत. ती चित्राची आक्रसलेली आवृत्ती हाताळतात, जिच्यात प्रत्येक बाजूनं ८ पिक्सेलचा एक घर असतो, आणि अगदी शेवटी ती आवृत्ती फुगवून पूर्ण चित्र करतात. मीटरला ८० पिक्सेल धरले तर ८ पिक्सेल म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर. म्हणजे आपल्या घरातली १० सेंटिमीटरपेक्षा बारीक गोष्ट एका चौकोनात मावते, आणि ती नेमकी कुठे, किती जाड येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. खिडकीवरचा ७५ मिलिमीटरचा छज्जा ६ पिक्सेल होतो. दिसेल, पण कधी जाड, कधी बारीक. ग्रीलचा १२ मिलिमीटरचा गज एक पिक्सेल. तो चित्रात दिसतो तो आपला नव्हे, साधनाच्या कल्पनेतला. ग्रीलची नक्षी रेषाचित्रात काढणं म्हणूनच निव्वळ वाया. उलट त्या दाट रेघांचा गुंता होऊन खिडकीची चौकटच वाकते. नक्षी हवीच असेल तर तेवढ्या भागाचं वेगळं, मोठ्या प्रमाणातलं चित्र करावं.

पायऱ्यांची गोष्ट या हिशेबाच्या अगदी कडेवर येते. एक पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे १२ पिक्सेल, दीड चौकोन. चारच्या तीन होतात, पाच होतात, कधी सहा. दिसायला किरकोळ बाब. पण आपण घराची उंची नजरेनं मोजतो ती पायऱ्या, दार, माणूस, गाडी यांच्यावरून. पायरी किती उंच असते हे पायाला माहीत असतं. चार पायऱ्यांच्या जागी सहा दिसल्या की डोळा जोतं ९० सेंटिमीटरचं धरतो, आणि त्या हिशेबानं सगळं घर दीडपट मोठं भासतं. रेषा सगळ्या जागच्या जागी, तरी चित्र खोटं! दाराशी ठेवलेली खुर्ची गुडघ्याएवढी झाली, फाटकात उभी गाडी लहान आली, तरी हेच होतं. म्हणून प्रमाण राखायचं तर घराबरोबर या मोजपट्ट्यांवरही नजर ठेवावी लागते. माझं मत विचाराल तर गाडी आणि माणसं आधी येऊच देऊ नयेत. हवीच असतील तर नंतर मापानं बसवावीत.

रेषाचित्र तयार झालं, आता सूचना. मॉडेलला शब्द बहुतेक इंग्रजीतूनच नीट कळतात, तेव्हा काहीसं असं लिहायचं:

```
front elevation of a two-storey house, straight-on view,
cream plaster walls, teak door, stone plinth, overcast light
```

यात आकारासंबंधी फक्त ‘समोरून’ आणि ‘दुमजली’ एवढंच आहे. बाकी सगळं साहित्य आणि उजेड. रेषा आकार सांगतात, शब्दांनी कातडी सांगायची. ‘लक्झरी’, ‘ग्रँड’, ‘व्हिला’ असे शब्द टाकले की त्यांच्याबरोबर उंच छतं आणि रुंद काचा आपोआप येतात आणि रेषांशी भांडू लागतात. ढगाळ उजेड मुद्दाम मागितलाय: कडक ऊन मागितलं की सावल्यांच्या धारदार कडा येतात आणि तपासताना कुठली कड भिंतीची, कुठली सावलीची हे कळेनासं होतं. उन्हाचं चित्र मागाहून करता येतं.

मग तीन-चार आकडे. कार्यक्रमातून चालवणाऱ्याला ते असे द्यावे लागतात, बटणांच्या साधनात ते सरकपट्टीवर असतात:

```
width=1152, height=896
controlnet_conditioning_scale=0.9
control_guidance_end=0.8
```

दुसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे रेषांचं वजन. ०.५ च्या आसपास ठेवलं तर रेषा सल्ला देतात, हुकूम नाही, खिडक्या सरकतात. १.३-१.४ ला नेलं तर घर जागेवर राहतं, पण रेघा चित्रात चिकटून बसतात, भिंतींच्या कडांना काजळ घातल्यासारखं दिसतं आणि प्लास्टर प्लास्टर वाटत नाही. तिसरी ओळ सांगते की शेवटच्या पाचव्या हिश्श्यात रेषांनी गप्प बसावं. गोंधळ निवळताना ढोबळ मांडणी आधी ठरते, पोत आणि बारकावे शेवटी. मांडणी ठरून गेल्यावर रेषांचा आग्रह सोडला तर दगड दगडासारखा, लाकूड लाकडासारखं उतरायला मोकळीक मिळते. ०.५ लाच सोडलं तर मात्र कठडा हळूच वाढतो, त्यावर कौलं येतात. हे आकडे वेदवाक्य नाहीत, प्रत्येक मॉडेलगणिक थोडे हलतात. पण शोध कुठून सुरू करायचा ते यांवरून कळतं.

पहिली ओळ सर्वांत निरुपद्रवी वाटते आणि प्रमाणाचा घात बहुतेक वेळा तिथेच होतो. रेषाचित्राची फाइल आणि मागितलेलं चित्र यांची लांबी-रुंदी वेगळी असेल तर साधन काय करतं? काही ठिकाणी ते गुपचूप ताणतं किंवा दाबतं. ए-थ्री कागदाची रुंदी उंचीच्या १.४१ पट, आपल्या चित्राची १.२९ पट. अख्खा ए-थ्री कागद त्या चौकटीत दाबला की घर आडवं नऊ टक्के आकसतं: ९ मीटरचं जवळजवळ ८.२. मग रेषांचं वजन कितीही ठेवा, साधन चुकीच्या रेषा इमानेइतबारे पाळतं. बटणांच्या साधनात `Just Resize` हा पर्याय असेल तर तो या प्रकारचा. उपाय साधा आहे, रेषाचित्रच नेमक्या ११५२ × ८९६ च्या कोऱ्या पटावर मांडून द्यायचं. आणि खात्रीसाठी कोपऱ्यात एक वर्तुळ काढून एकदा चालवून पाहावं. अंडं झालं तर समजायचं.

एवढं करूनही पहिल्या चित्रात आपल्या घराचं काय होतं? खिडक्या, दार, जोतं जागेवर. पण घर तीन मजली. गच्चीच्या मागच्या अंगाला असलेली जिन्याची खोली थेट दर्शनी भिंतीच्या रेषेत पुढे येऊन मनोऱ्यासारखी उभी. साधनाचा दोष नाही: एलिव्हेशनमध्ये पुढचं-मागचं एकाच पातळीत चेपलेलं असतं, हाच तर त्याचा गुण. माणूस प्लॅन शेजारी ठेवून वाचतो, प्रतीकडे प्लॅन नाही. उजवीकडच्या गॅलरीचंही तसंच. चार रेघांचा तो आयत पुढे आलेला आहे, आत गेलेला आहे, की नुसती भिंतीवरची चौकट, हे रेषा सांगतच नाहीत. एका चित्रात गॅलरी पुढे येते, दुसऱ्यात तिची खोल देवळी होते.

ही उणीव भरून काढायला दुसरं चित्र लागतं: त्याच पटावर, त्याच मापात, पण रेषांऐवजी करड्या छटांचं. जवळचं उजळ, लांबचं काळपट. गॅलरीचा आयत जवळजवळ पांढरा, दर्शनी भिंत मधली करडी, जिन्याची खोली त्याहून बरीच गडद, आभाळ काळं. खालची जमीन पायथ्याशी उजळ आणि भिंतीकडे जाताना करडी होत जाणारी. रेषाचित्रातच भागाभागांत रंग ओतला की पाच मिनिटांत हे तयार होतं. खोलीचं हे चित्र समजणारं वेगळं कंट्रोलनेट असतं आणि दोन्ही एकत्र चालवता येतात. रेषांना ०.९ वजन असेल तर याला ०.४ ते ०.५ पुरतं, आणि हे अर्ध्या वाटेवर थांबवलं तरी चालतं, कारण पुढे-मागे काय आहे ते आधीच ठरतं. यानंतर जिन्याची खोली मागे सरकते, तिच्यावर कठड्याची सावली पडू लागते, गॅलरीखाली अंधार येतो. चित्राचा सपाटपणा जातो, मापं तीच राहतात.

दुसरा एक हट्टी दोष डावीकडच्या कोऱ्या भिंतीचा. तिथे आपण काही काढलं नाही, आणि चित्रात तिथे खिडकी उगवते, कधी दिवा, कधी वेल. रेष आहे तिथे कड येते, पण रेष नाही तिथे काही येणार नाही असं मात्र नव्हे. शिकवणीत छायाचित्रांतून कडा काढताना यंत्र फिक्या गोष्टी सोडून देत असे, त्यामुळे कोऱ्या जागेतही काहीतरी असू शकतं हे प्रतीला ठाऊक झालंय. त्यात इतकी मोठी कोरी भिंत मूळ मॉडेलला खटकते, ती भरायची त्याला खोड आहे. सूचनेत साध्या प्लास्टरच्या भिंतीचा उल्लेख वाढवून पाहावा. नाही ऐकलं तर तेवढाच भाग निवडून, तीच रेषाकृती देऊन, फक्त तो पुन्हा रंगवून घ्यावा. अख्खं चित्र पुन्हा पुन्हा काढत बसू नये. दरवेळी दुसरंच काहीतरी बिघडतं.

आता तपासणी. नजरेनं तपासू नये, कारण सुंदर चित्र बघताना नजर फितूर होते. चित्र संपादनाच्या कुठल्याही साधनात तयार चित्र खाली ठेवायचं, मूळ रेषाचित्र वर, अर्धपारदर्शक करून, लाल रंगात. मग खालून वर जायचं: जमीन, जोत्याचा माथा, तळमजल्याच्या दाराचं लिंटेल, पहिल्या स्लॅबची पातळी, वरचं लिंटेल, गच्चीची पातळी, कठड्याचा माथा. पहिली जागा बहुधा जमिनीशीच चुकलेली सापडते. साधनाला पायथ्याशी झुडपं लावायची हौस असते, त्यात जोत्याची रेष बुडते आणि घर जमिनीत रुतलेलं दिसतं. दुसरी जागा कठड्याची. तिथे ८ पिक्सेल सरकले तर ते १० सेंटिमीटर झाले. घराच्या ७.६ मीटरच्या उंचीत ते सव्वा टक्क्याच्या आसपास, पण १ मीटरच्या कठड्यात दहा टक्के. म्हणून चूक अख्ख्या घराच्या टक्केवारीत मांडू नये, ती ज्या भागात झाली त्याच्या मापात बघावी. मी मोठ्या भागांना ८ पिक्सेल माफ करीन, दार-खिडक्यांना ४.

शेवटी एक जोडायचं राहिलं. हे चित्र एलिव्हेशनशी तंतोतंत जुळलं तरी रस्त्यावर उभं राहून घर असं दिसणार नाही, आणि मालकाला ते आधी सांगितलेलं बरं. समजा घर फाटकापासून ३ मीटर आत आहे आणि पुढे ६ मीटरचा रस्ता. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून ९ मीटर लांब. कठड्याच्या माथ्यावरून जाणारी त्याची नजर साडेचार मीटर मागे असलेल्या जिन्याच्या खोलीपाशी पोचेपर्यंत १०.६ मीटर उंच गेलेली असते. खोलीचा माथा ९ मीटरवर. म्हणजे ती दिसणारच नाही. चित्रात जिच्यामुळे एवढा खटाटोप झाला, ती! उलट पुढे आलेली गॅलरी एलिव्हेशनपेक्षा मोठी दिसेल, आणि तिच्या मागच्या दाराचा खालचा भाग तिच्याच आड जाईल.

रस्त्यावरून दिसणारं दृश्य हवं असेल तर एलिव्हेशन पुरत नाही. मग घराचे साधे ठोकळे संगणकावर उभे करायचे, ना रंग, ना दिवे, नुसत्या भिंती आणि भोकं. त्या माणसाच्या डोळ्याच्या जागी कॅमेरा ठेवून तिथून दिसणाऱ्या कडांचं रेषाचित्र आणि करड्या छटांचं चित्र दोन्ही त्याच ठोकळ्यांतून काढायची आणि बाकीचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे. फरक एवढाच की त्या चित्रावर पट्टी ठेवून मीटर मोजता येत नाहीत, ठोकळ्यांच्या रेषांशीच ताडून पाहावं लागतं. तेव्हा मालकाला दोन्ही चित्रं द्यावीत: एक मोजायला, एक बघायला, आणि कोणतं कशासाठी ते चित्राखाली लिहून द्यावं.